पाकिटावरची चिठ्ठी

उंची अडीच इंच, रुंदी चार. अंगावर फिकट पिवळा रंग, वर ठळक अक्षरात नाव, त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ. पाठीमागे तिची जुळी बहीण चिकटलेली असते, पण तिच्याकडे सहसा कोणी बघत नाही. खडकी बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांच्या घरात तिचा जन्म होतो आणि शनिवार-रविवार ती औंध-बाणेरकडच्या बाजारात टेबलावर उभी असते. दुकानदार तिला लेबल म्हणतात, छापखान्यातला मुलगा स्टिकर म्हणतो. काकू मात्र पहिल्यापासून तिला चिठ्ठीच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

काकूंचे यजमान ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. 1869 सालापासून चालत आलेल्या त्या कारखान्याने खडकीला पगार दिला आणि कुठकुठली माणसं आणून शेजारी शेजारी बसवली. एका जिन्यावर सातारची माणसं, समोर तमिळ कुटुंब, खाली बीडकडचे, मागच्या चाळीत गोव्याचे ख्रिस्ती. संध्याकाळी जिना चढताना प्रत्येक मजल्यावर वेगळी फोडणी नाकाला लागते. काकूंचा मसाल्याचा हात शेजारणींनी आधी ओळखला. उन्हाळ्यात वर्षाचं तिखट-मसाला करताना जास्तीचा किलोभर त्यांच्यासाठी व्हायचा, आणि तेव्हा चिठ्ठीची काही गरजच नव्हती. स्टीलच्या डब्यात मसाला जायचा आणि 'आमटीत घाल गं, भाजीत नको' हे तोंडानेच सांगितलं जायचं.

बाजारात टेबल मांडलं तेव्हा ते तोंड अडचणीत आलं. समोर एकाच वेळी पाच माणसं. एक पाकीट हातात घेऊन उलटंपालटं करतोय, दुसरी वास घेऊ का विचारतेय, तिसऱ्याला सुट्टे हवेत. काकू एकीशी बोलत असताना बाकीच्या चौघांशी चिठ्ठीनेच बोलायचं असतं. तिचं सगळं काम त्या तीन-चार सेकंदांत उरकतं. तेवढ्यात ती कामाचं काही बोलली तर पाकीट पिशवीत जातं, नाही तर परत टेबलावर.

तिचा पहिला अवतार मला चांगला आठवतो. छापखान्यातल्या मुलाने स्वतःच्या मनाने मजकूर घातला होता: 'पारंपरिक चवीचा अस्सल, शुद्ध, ताजा घरगुती मसाला'. खाली नऊवारीतल्या बाईचं चित्र. दिसायला देखणी होती, पण तिला काहीच सांगता येत नव्हतं. टेबलापाशी आलेल्या प्रत्येकाने पाकीट उचललं, ओळ वाचली आणि मान वर करून काकूंना विचारलं, 'म्हणजे कशात घालायचा?'

त्या ओळीतले निम्मे शब्द नियमांतही टिकणारे नव्हते. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांसंबंधी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे 2018 चे नियम आहेत. त्यांच्या हिशेबाने 'शुद्ध' हा शब्द फक्त एकाच घटकाच्या आणि त्यात दुसरं काही न मिसळलेल्या पदार्थाला लावता येतो. धणे, खोबरं, तीळ आणि पंधरा-वीस खडे मसाले एकत्र कुटल्यावर ते मिश्रण कितीही निर्मळ असलं तरी या अर्थाने शुद्ध नाही. 'ताजा' हा शब्द धुणं, सोलणं, कापणं, गार करणं याच्यापलीकडे काही न केलेल्या पदार्थासाठी राखलेला आहे. भाजलेला, तळलेला, डंकावर कुटलेला मसाला त्यात बसत नाही. 'घरगुती'सारखे शब्द गिऱ्हाइकाची दिशाभूल होईल अशा रीतीने वापरू नयेत, असंही तिथे म्हटलंय. काकूंचा मसाला खरोखरच घरचा आहे, त्यामुळे त्यांनी तो शब्द लावला तर खोटं होणार नाही. पण ज्या टेबलांच्या रांगेत त्या उभ्या असतात तिथे प्रत्येक पाकिटावर तोच शब्द असतो. सगळ्यांच्याच अंगावर असलेला शब्द कुणाची ओळख सांगणार?

मग आम्ही दोघींनी एक साधी गोष्ट केली. काकूंच्या शेजारी बसून, माणसं काय विचारतात ते मी वहीत उतरवत गेले. प्रश्न फार नव्हते, आणि गोड्या मसाल्याचे तर ठरलेलेच. तिखट आहे का? कशात घालायचा? किती घालायचा? कांदा-लसूण आहे का? हा शेवटचा प्रश्न चातुर्मासात तर दर दुसरी बाई विचारायची. 'पारंपरिक आहे का' किंवा 'अस्सल आहे का' असं कुणी एकदाही विचारलं नाही. चिठ्ठीची नवी ओळ त्या वहीतूनच आली. मी केलं ते एवढंच की प्रश्न पुसले आणि उत्तरं ठेवली.

गोड्या मसाल्यावर आता लिहिलेलं आहे: 'वाटीभर तुरीच्या आमटीला एक चमचा, सोबत चिंच-गूळ. तिखट नाही. कांदा-लसूण नाही.' ही चिठ्ठी शांत स्वभावाची आहे. ती स्वतःचं कौतुक करत नाही, वाचणाऱ्याच्या स्वयंपाकघरात थेट शिरते. 'चिंच-गूळ' हे दोन शब्द तिथे मुद्दाम आहेत. गोड्या मसाल्यातलं दगडफूल, दालचिनी, तमालपत्र, शहाजिरं यांचा वास आंबट-गोड रसात उमलतो. नुसत्या तिखट भाजीत घातला तर तो मसाला अवघडल्यासारखा वागतो आणि माणसं म्हणतात, 'वास आहे, पण चव लागली नाही.' घरात तीन पिढ्या गोडा मसाला असलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही. पण रविवारी टेबलापाशी येणाऱ्यांत नव्याने संसार मांडलेली, नोकरीसाठी नागपूर-इंदूरहून आलेली मुलं-मुली जास्त असतात. त्यांच्या आईच्या डब्यात हा मसाला कधी नव्हता.

नावाचं प्रकरण ओळीपेक्षा अवघड निघालं. सुरुवातीला याच पाकिटावर 'काळा मसाला' असं नाव होतं. काकूंच्या माहेरी गोड्या मसाल्यालाच काळा म्हणायचे, पुण्यातल्या पुष्कळ घरांत अजून म्हणतात. एका शनिवारी बार्शीकडच्या एक बाई आल्या. त्यांनी नाव वाचलं, ओळखीचं हसल्या आणि पाव किलो घेऊन गेल्या. त्यांच्याकडचा काळा मसाला म्हणजे मिरच्या, कांदा आणि खोबरं काळपट होईपर्यंत भाजून कुटलेला, जहाल, मटणाच्या रश्श्याचा. पुढच्या रविवारी त्या परत आल्या. भांडायला नव्हे, समजून घ्यायला. 'ताई, रस्सा गोडूस झाला हो. मिरची घालायची राहिली का तुमची?' मसाल्यात काही कमी नव्हतं. सोलापूरकडचा काळा आणि पुण्याचा काळा ही एकाच नावाची दोन माणसं आहेत, आणि चिठ्ठीने त्यातल्या भलत्याच माणसाची ओळख करून दिली होती.

आपल्याकडे मसाल्यांना नावं पडतात ती फार वेगवेगळ्या वाटांनी. काळा हे रंगावरून, गोडा चवीवरून. कांदा-लसूण हे आत काय आहे त्यावरून. मालवणी, वऱ्हाडी, खानदेशी ही प्रांतावरून. सीकेपी किंवा आगरी-कोळी ही समाजावरून. वसई-मुंबईकडच्या ईस्ट इंडियन लोकांनी तर ज्या बाटलीत मसाला ठासून भरायचा तिच्यावरूनच त्याला बॉटल मसाला म्हटलं. यातलं घटकाचं नाव सगळ्यात सरळ, कारण ते सगळीकडे एकच अर्थ सांगतं. रंगाचं नाव सगळ्यात फसवं, कारण काळं म्हणजे किती काळं हे गावागणिक बदलतं. म्हणून काकूंच्या टेबलावरून 'काळा' उतरला आणि 'गोडा' चढला. खाली बारीक अक्षरात 'यालाच काळा म्हणतात' असं लिहावं का, यावर आमचा बराच खल झाला. शेवटी नाही लिहिलं. ते वाचून बार्शीच्या माणसाचा घोटाळा वाढला असता.

एका हितचिंतकाने 'खडकी स्पेशल' हे नाव सुचवलं होतं. ऐकायला छान, पण मला ते पटलं नाही. मालवणी म्हटलं की धणे, मिरची, बडीशेप आणि मासळीचं कालवण डोळ्यासमोर येतं. खडकी म्हटलं की छावणी, फॅक्टरीचा भोंगा आणि लोकलचं स्टेशन आठवतं. खडकीचा असा एक मसाला नाही, कारण खडकीचं असं एक स्वयंपाकघरच नाही. त्या नावाने पाकिटाला पत्ता मिळाला असता, चव मिळाली नसती. 'आजीचा मसाला' हे नावही याच कारणाने मागे पडलं. ते वाचून मन भरून येतं, पण आमटीत घालायचा की मटणात ते कळत नाही.

तिखट बहिणीची गोष्ट निराळी. कांदा-लसूण मसाल्याची चिठ्ठी लालभडक, आणि तिला बोलताना फार जपावं लागतं. तिखटपणाबद्दल तिने काय म्हणावं? 'झणझणीत' म्हटलं तर पुण्यातली अर्धी माणसं पाकीट खाली ठेवतात. 'मध्यम तिखट' म्हटलं तर कोल्हापूरचा माणूस हसतो आणि बाणेरच्या सोसायटीतलं लहान मूल रडतं. शिवाय मिरची दरवर्षी सारखी नसते. रंग बेडगीचा आणि तिखटपणा संकेश्वरीचा, असा काकूंचा मेळ. संकेश्वरी एखाद्या वर्षी अशी जहाल निघते की प्रमाण बदलावं लागतं. मग छापलेला शब्द आणि आतला मसाला यांची फारकत होते. म्हणून या चिठ्ठीने तिखटपणाचं विशेषण सोडूनच दिलं आणि माप धरलं: 'चार माणसांच्या रश्श्याला दीड चमचा. मीठ आत आहे, भाजीत बेताने घाला.' प्रमाण आपल्या हातात आलं की ज्याला कमी हवं तो एक चमचा घालतो, ज्याला जास्त हवं तो दोन. दर हंगामाच्या पहिल्या घाण्याचा रस्सा काकू घरी करून बघतात. दीड चमचा जड झाला तर आकडा बदलतात, मगच चिठ्ठी छापायला जाते.

मिठाचं वाक्य तिथे आलं ते तक्रारींवरून. कांदा-लसूण मसाला कुटताना त्यात मीठ घालायची रीत आहे. कांदा, लसूण, ओलसर आलं यांच्यामुळे हा मसाला दमट असतो आणि मीठ त्याला टिकवायला मदत करतं. पण गोडा मसाला वापरणारी बाई सवयीने भाजीत पूर्ण मीठ घालते, वर हा मसाला घालते आणि रस्सा खारट होतो. दोष मसाल्याला लागतो. मागच्या बाजूला घटकांच्या यादीत 'मीठ' छापलेलंच होतं, पण फोडणीला टाकताना मागची यादी कोण वाचतं? समोर चार शब्द लिहिल्यापासून ती तक्रार थांबली.

मागच्या जुळ्या बहिणीला मात्र कमी लेखू नये. पुढची चिठ्ठी बोलकी, मागची मितभाषी आणि कर्तव्यकठोर. तिच्यावर नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, निव्वळ वजन, सगळ्या करांसह किंमत आणि ग्रॅममागे पडणारी किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावा ते, आणि तक्रार कुठे करायची तो पत्ता. घटक लिहिताना वजनाने जास्त असेल ते आधी, कमी असेल ते नंतर, असा दंडक. मला ही यादी फार आवडते, कारण तिला फुगवता येत नाही. काकूंच्या गोड्या मसाल्यात अर्धा किलो धण्यांना पाव किलो सुकं खोबरं, त्याच्या निम्मे तीळ, मग जिरं. दगडफूल, दालचिनी, लवंग, नागकेशर, मसाला वेलची ही मंडळी दहा-पंचवीस ग्रॅमची. त्यामुळे यादी 'धणे, सुके खोबरे, तीळ, जिरे' अशीच सुरू होते. समोर केशर-वेलचीचं चित्र लावलेलं आणि मागे यादीत मीठ दुसऱ्या क्रमांकावर, असं कुठलं पाकीट हातात आलं तर समोरचीवर विश्वास ठेवू नका, मागचीवर ठेवा.

खोबरं आणि तीळ यादीत इतके वर आहेत याचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो चिठ्ठीने सांगायलाच हवा. दोन्ही तेलकट. कुटल्यावर त्यांचं तेल मोकळं होतं आणि हवा लागून काही महिन्यांत खवट होतं. डबा उघडल्यावर दगडफुलाच्या आधी जुन्या खोबऱ्याचा वास आला, चिमूटभर जिभेवर ठेवल्यावर शेवटी कडसर लागलं, की मसाला संपला समजावं. पूर्वी वर्षाचा मसाला बरणीत हिंगाचे खडे घालून, दादऱ्याने तोंड बांधून अंधारात ठेवत. आता तो ओट्यावर, शेगडीशेजारी, पारदर्शक बाटलीत राहतो. म्हणून तारखेखाली काकूंनी स्वतःहून एक वाक्य वाढवलंय: 'उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा, तीन महिन्यांत संपवा.' छापखान्यातला मुलगा म्हणाला होता की असं लिहिल्याने लोक घाबरतील. तसं झालं नाही. माणसं शंभर ग्रॅमचं पाकीट नेतात आणि संपलं की परत येतात.

चिठ्ठीच्या जिवाला धोकेही बरेच. डंकावरून आलेला मसाला गरम असतो. तो परातीत पसरून पूर्ण निवू द्यायचा, मगच पाकिटात भरायचा. घाईने गरम भरला तर आतून वाफ धरते. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला धुकं दिसलं की ओळखायचं, या पाकिटात आठवड्याभरात गुठळ्या होणार. बाहेरून चिठ्ठीचे कोपरे उचलले जातात ते वेगळंच. कांदा-लसूण मसाल्याचं तेल शिवणीतून पाझरतं आणि कागदी चिठ्ठीवर डाग पसरतो. बिलं निघतात तसल्या गुळगुळीत कागदावर छापलेली अक्षरं उन्हातल्या टेबलावर फिकी पडतात, आणि सगळ्यात आधी फिकी पडते ती तारीख. काकूंनी आता चिवट, पाणी न शोषणारा कागद घेतलाय. तारीख मात्र त्या हाताने, पक्क्या शाईने लिहितात. प्रत्येक घाण्याची तारीख वेगळी म्हणून.

त्यांच्या टेबलावर सगळ्यात नवी आहे येसरची चिठ्ठी. खालच्या मजल्यावरच्या बीडच्या वहिनींकडून काकू हे शिकल्या. गहू, हरभऱ्याची डाळ आणि मसाले खमंग भाजून केलेली ही पूड मराठवाड्यात घरोघरी असते. लग्नघरी येसर-मेतकूट दळूनच तयारीला हात लागतो. औंधमधल्या बहुतेकांनी हे नाव ऐकलेलं नसणार, म्हणून 'मराठवाडी इन्स्टंट आमटी मिक्स' असं नाव सुचवलं गेलं. या एका बाबतीत मी हट्ट धरला. अनोळखी नाव काढून टाकायचं नसतं, त्याला धरून उभी राहील अशी ओळ द्यायची असते. नाव राहिलं 'येसर'. खाली: 'दोन चमचे पाण्यात कालवा, लसणाच्या फोडणीत ओता, उकळा. भाकरीबरोबरची आमटी.' मागच्या बहिणीवर गहू ठळक अक्षरात आला, कारण गव्हातलं ग्लुटेन ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी ते वेगळं सांगणं नियमाने बंधनकारक आहे. मसाल्याच्या पाकिटात गहू असेल असं कुणाच्या मनातही येत नाही, तेव्हा ते सांगायलाच हवं.

ज्यांना येसर माहीत नाही ते ओळ वाचतात, 'आमटी' या शब्दावर थांबतात आणि लहान पाकीट उचलतात. ज्यांना माहीत आहे त्यांना ओळ वाचायला लागतच नाही. हिंजवडीत काम करणारा लातूरचा एक मुलगा टेबलापासून बराच लांब होता. तिथून त्याने ती तीन अक्षरं वाचली, मित्राचा हात सोडून तो सरळ आला आणि काकूंना म्हणाला, 'मावशी, डाळ कोणती घालता, हरभऱ्याचीच ना?' काकूंनी पाकीट उलटं करून त्याला मागची यादी दाखवली. यादी शेवटपर्यंत वाचून त्याने अर्धा किलो मागितलं. टेबलावर तेवढं नव्हतं. पुढच्या शनिवारी आणते, असं म्हणून काकूंनी त्याचा फोन नंबर चिठ्ठीच्याच एका कोऱ्या कागदावर लिहून घेतला.